ऑनलाइन सभेचे नियम निमंत्रणातच हवेत!

कॅमेरा कुणी सुरू ठेवायचा, आवाज कुणी बंद करायचा आणि प्रश्न कसा विचारायचा. मोठ्या सभेची शिस्त सभेच्या दिवशी नव्हे, नोटिशीच्या दिवशीच ठरते

- प्रतिनिधी

खजिनदार ताळेबंद वाचत असतात आणि त्याच वेळी कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी दीडशे घरांत ऐकू येते. एक सभासद ‘माझा आवाज येतोय का?’ असे तिसऱ्यांदा विचारतो. दुसरा कुणीतरी उद्वाहनाच्या खर्चाचा प्रश्न ताळेबंदाच्या मध्येच काढतो, तिसरा त्याला उत्तर देऊ लागतो आणि अध्यक्ष वैतागून सर्वांचे आवाज एकदम बंद करतात. मग ‘आम्हाला बोलूच दिले नाही’ ही तक्रार सुरू होते आणि ती पुढे कित्येक महिने जिन्यात, वाहनतळावर आणि संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चालू राहते.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन घेणाऱ्या शहरांतील अनेकांना हे चित्र परिचयाचे वाटेल. त्यात दोष कुणा एका व्यक्तीचा नसतो. सभागृहात भरणाऱ्या सभेचे अलिखित नियम आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. हात वर करावा, अध्यक्षांनी खूण केल्यावर उभे राहावे, एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने बोलावे, हे कुणी लिहून द्यावे लागत नाही. पडद्यावरच्या सभेत यातील एकही खूण आपोआप दिसत नाही. म्हणूनच तेथील नियम लिहून द्यावे लागतात आणि ते सभा सुरू झाल्यावर नव्हे, तर निमंत्रणातच द्यावे लागतात.

निमंत्रणातच का?

सभेच्या आरंभी अध्यक्षांनी नियम वाचून दाखवले तर काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिली अडचण साधी आहे. मोठ्या सभेत सर्वजण एकाच वेळी येत नाहीत. दहा वाजताची सभा असेल तर साडेदहापर्यंत माणसे येत राहतात आणि उशिरा येणाऱ्याने नियम ऐकलेलेच नसतात. दुसरी अडचण तयारीची. प्रश्न लेखी पाठवायचा असेल, बोलताना कॅमेरा सुरू ठेवायचा असेल किंवा इयरफोन लावायचा असेल, तर ते आधी कळायला हवे. सभा सुरू झाल्यावर सांगितलेला असा नियम पाळणे अनेकांना शक्यच नसते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. आधी जाहीर केलेला नियम कुणा एकाविरुद्ध नसतो. ‘प्रत्येकाला दोन मिनिटे’ हे पंधरा दिवसांपूर्वी लिहून दिलेले असेल, तर दोन मिनिटे संपल्यावर अध्यक्षांनी थांबवल्याचा अपमान वाटत नाही. तोच नियम एखाद्या नाठाळ सभासदाचे भाषण चालू असताना सुचला, तर तो त्याला गप्प करण्यासाठीच काढला, असे त्याला वाटणार आणि इतरांनाही वाटणार.

सभागृहात अध्यक्षांच्या हाती घंटा असे. पण एखाद्या सभासदाचा आवाज एका कळीसरशी नाहीसा करण्याची सोय नव्हती. ऑनलाइन सभेत ती आहे. यजमान म्हणजे ‘होस्ट’ कुणालाही मूक करू शकतो, प्रतीक्षाकक्षात पाठवू शकतो, सभेबाहेर काढू शकतो. ज्या समितीच्या कारभाराविषयी सभासदांनी प्रश्न विचारायचे, त्याच समितीच्या हातात ही कळ असते. म्हणून नियमांनी सभासदांना बांधायचे, तसेच ते समितीलाही बांधणारे हवेत.

इंग्लंडमधील एक धडा

ही कळ कुणाच्या अधिकारात आहे, हे आधी ठरलेले नसेल तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील चेशायर परगण्यातले आहे. हँडफोर्थ या गावाच्या पॅरिश कौन्सिलची एक ऑनलाइन सभा डिसेंबर 2020 मध्ये झाली. सभेचे कामकाज सांभाळण्यासाठी आलेल्या जॅकी वीव्हर यांना तसा अधिकारच नाही, असे अध्यक्षांनी सुनावले. वीव्हर यांनी त्यांना सभेतून काढून प्रतीक्षाकक्षात ठेवले. त्यानंतर इतर काही सदस्यांनाही बाहेर जावे लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये या सभेची चित्रफीत जगभर पसरली आणि लोक पोट धरून हसले.

हसण्याखालचा प्रश्न मात्र गंभीर होता. या प्रकरणाची पुढे रीतसर चौकशी झाली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने असा निष्कर्ष काढला, की वीव्हर यांना सदस्यांना बाहेर काढण्याचा औपचारिक अधिकार नव्हता. मात्र त्या वेळची परिस्थिती पाहता त्यांनी तसे का केले, हे समजण्याजोगे होते. कळ हातात असणे आणि ती दाबण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निमंत्रणातील ‘सभेचे तांत्रिक संचालन अमुक व्यक्ती करतील आणि अध्यक्षांच्या सूचनेनेच आवाज बंद किंवा सुरू करतील’ या एका वाक्याने यातील बरीचशी संदिग्धता टळते.

कंपन्यांनी काय केले?

आपल्याकडे यासाठी एक चांगला नमुना उपलब्ध आहे. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल आणि मे 2020 मध्ये केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रके काढून कंपन्यांना भागधारकांच्या सभा दूरचित्रसंवादाद्वारे घेण्याची मुभा दिली. पुढे ही मुभा वेळोवेळी वाढवण्यात आली. त्या परिपत्रकांत सभेच्या शिस्तीचा सांगाडाच होता. सभेत कसे सामील व्हायचे, याच्या स्पष्ट सूचना नोटिशीतच द्याव्यात. अडचण आल्यास मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक द्यावा. सभेचे दार ठरलेल्या वेळेच्या किमान 15 मिनिटे आधी उघडावे आणि वेळ झाल्यानंतर किमान 15 मिनिटे बंद करू नये. भागधारकांना सभेतच प्रश्न विचारू द्यावेत किंवा ते आधी ई-मेलने पाठवण्याची सोय द्यावी.

त्यातूनच मोठ्या कंपन्यांच्या नोटिशींमध्ये ‘वक्ता भागधारक’ म्हणून आधी नावनोंदणी करण्याची पद्धत रुळली. ज्याला बोलायचे आहे त्याने ठरावीक मुदतीत नाव कळवायचे, सभेत त्याला क्रमाने पुकारले जाते. या पद्धतीत शिस्त आहे; पण उणीवही आहे. सभेत एखादी गोष्ट ऐकून नव्याने सुचलेला प्रश्न विचारायला तेथे जागा राहत नाही. हजारो भागधारकांच्या कंपनीत ते कदाचित चालून जाईल, एकाच आवारात राहणाऱ्या सभासदांच्या संस्थेत ते चालणार नाही. म्हणून नमुना जसाच्या तसा न उचलता त्यात फेरफार करावे लागतात.

गणित आधी मांडा

समजा, 240 सभासदांची एक संस्था आहे. वार्षिक सभेला 140 जण ऑनलाइन येतील, असा अंदाज आहे. विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त, वार्षिक अहवाल, हिशेब आणि वादाचा विषय म्हणजे दोन जुनी उद्वाहने बदलण्यासाठी प्रत्येकाकडून घ्यायची वर्गणी. सभेसाठी अडीच तास म्हणजे 150 मिनिटे ठेवली आहेत.

स्वागत आणि तांत्रिक सूचनांना 10 मिनिटे, इतिवृत्त व अहवालाला 15, हिशेब व लेखापरीक्षण अहवालाला 25, उद्वाहनांच्या प्रस्तावाच्या सादरीकरणाला 20, मतदानाला 15 आणि समारोपाला 5 मिनिटे धरली, तर 90 मिनिटे संपली. प्रश्नोत्तरांना उरली 60 मिनिटे. प्रश्नाला दोन मिनिटे, उत्तराला दोन आणि एकाकडून दुसऱ्याकडे ध्वनी सोपवण्यात जाणारे एक मिनिट धरले, तर एका प्रश्नाला पाच मिनिटे लागतात. म्हणजे अख्ख्या सभेत 12 प्रश्न. उपस्थितांपैकी दर दहातल्या एकाने बोलायचे ठरवले तरी 14 जण होतात. सर्वांना आयत्या वेळी बोलू देणे हे वेळेच्या हिशेबातच बसत नाही.

दाराचाही असाच हिशेब करावा. प्रतीक्षाकक्षातील प्रत्येक नाव सभासद यादीशी पडताळून आत घ्यायला दहा सेकंद लागतात असे धरले, तर 140 जणांना 1400 सेकंद, म्हणजे सुमारे 23 मिनिटे लागतील. दार दहाला पाच मिनिटे कमी असताना उघडले, तर सव्वादहा वाजले तरी वीसेक माणसे बाहेर ताटकळत असतील. उपाय दोन आहेत. दार साडेनऊला उघडावे आणि आत घेण्याचे काम दोघांनी वाटून घ्यावे. निमंत्रणात ‘सभा 10 वाजता, प्रवेश 9.30 पासून’ असे दोन्ही आकडे लिहावेत. आपले नाव पडद्यावर ‘बी-704, आडनाव’ अशा स्वरूपात लिहावे, हा नियमही याच कारणासाठी हवा. ‘आयफोन’ किंवा ‘सॅमसंग’ अशा नावाने दारात उभ्या असलेल्या व्यक्तीला सभासद म्हणून कसे ओळखणार?

आवाज: बंद ठेवायचा, पण कुलूप नको

‘सर्वांनी आपला माइक बंद ठेवावा’ हा नियम बहुतेक निमंत्रणांत असतो. तो का आवश्यक आहे, हे मात्र क्वचित सांगितले जाते. दीडशे माइक सुरू असतील तर केवळ गोंगाट होतो, असे नाही. सभेची संगणकप्रणाली ज्याच्याकडून आवाज येतो, त्याला वक्ता समजते. खुर्ची सरकली, कुत्रे भुंकले, तरी पडद्यावर तेच घर दिसू लागते आणि बोलणाऱ्याचे शब्द तुटक होतात. एकाच खोलीत पती लॅपटॉपवर आणि पत्नी मोबाइलवर सभेत असतील, तर एका यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून घुमू लागतो.

असा घुमारा आला की तो कुठून येतो, हे ओळखण्याची एक खूण आहे. दुसरेच कुणी बोलत असताना ज्याच्या नावाभोवतीची चौकट उजळते, त्याच्या घरातून आवाज परत येत आहे असे समजावे. संचालकाने सर्वांना गप्प न करता तेवढा एकच माइक बंद करावा.

माइक बंद ठेवण्याचे प्रकार दोन. पहिल्यात प्रवेश करताना प्रत्येकाचा माइक बंद होतो. पण सभासद तो स्वतः सुरू करू शकतो. दुसऱ्यात स्वतः सुरू करण्याची सोयच काढून घेतलेली असते. तीस-चाळीस जणांच्या सभेला पहिला प्रकार पुरतो. दीडशे जणांच्या सभेला दुसरा लागतो. मात्र मग बोलण्याचा मार्ग काय, हे निमंत्रणात लिहिल्याविना तो वापरणे म्हणजे सभासदांच्या तोंडाला कुलूप लावणे होय.

येथे एक बारीक तांत्रिक बाब अनेक सभांत घोटाळा करते. यजमान कुणाचाही माइक बंद करू शकतो. पण त्या व्यक्तीच्या संमतीविना तो सहसा सुरू करू शकत नाही. झूमवर यजमानाने विनंती केली की सभासदाच्या पडद्यावर एक चौकट येते आणि त्याने तीवर बोट टेकवल्यावरच त्याचा आवाज ऐकू येतो. ज्येष्ठ सभासदांच्या ती लक्षात येत नाही. इकडे अध्यक्ष ‘बोला, बोला’ म्हणत राहतात, तिकडे काका बोलतच असतात आणि शेवटी ‘त्यांना काही विचारायचे नाही असे दिसते’ म्हणून पुढच्याला पुकारले जाते. साध्या फोनवरून जोडलेल्यांना तर पडदाच नसतो. झूमवर त्यांनी हात वर करण्यासाठी *9 आणि आवाज सुरू-बंद करण्यासाठी *6 दाबायचे असते. या दोन ओळी निमंत्रणात नसतील, तर फोनवरचा सभासद सभेत असूनही नसल्यासारखाच असतो.

कॅमेरा: सक्ती कुठे आणि सवलत कुठे

कॅमेऱ्याबाबत दोन टोकाच्या भूमिका दिसतात. ‘सर्वांनी कॅमेरा सुरू ठेवणे बंधनकारक’ ही एक आणि नियमच नसणे ही दुसरी. मोठ्या सभेत दोन्ही गैरसोयीच्या आहेत. एका पडद्यावर साधारणतः 25 चेहरे मावतात. 140 चेहरे पाहायचे तर सहा पाने उलटावी लागतील. ते कुणी पाहत नाही. उलट, ज्याचे इंटरनेट बेताचे आहे, त्याच्या जोडणीवर ताण येतो. झूमच्या तांत्रिक माहितीनुसार केवळ आवाजासाठी सेकंदाला 60 ते 80 किलोबिट वेग पुरतो, तर चित्रासह बोलायचे म्हटले की तो कित्येक पटींनी अधिक लागतो. शब्द तुटू लागले की प्रथम स्वतःचे चित्र बंद करून पाहावे, असा सल्ला दिला जातो तो याचसाठी.

सतत कॅमेऱ्यासमोर बसण्याचा थकवाही कल्पित नाही. अमेरिकेतील 103 कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेला एक अभ्यास 2021 मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा सुरू ठेवलेल्या दिवशी थकवा अधिक जाणवतो आणि त्याचा परिणाम स्त्रिया व नव्याने रुजू झालेले कर्मचारी यांच्यावर अधिक होतो, असे त्यात आढळले. सुटीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर, आजारी माणूस आणि दोन खोल्यांचा संसार सांभाळत सभेला बसणाऱ्या गृहिणीला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

तरीही कॅमेरा दोन ठिकाणी हवाच. एक, प्रवेश करताना क्षणभर, कारण सभासद तोच आहे ना, हे पाहावे लागते. दोन, बोलताना, कारण आपल्या पैशांविषयी बोलणाऱ्याचा चेहरा इतरांना दिसणे न्याय्य आहे. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र तो पूर्ण वेळ सुरू ठेवावा. ज्याच्या उपकरणाला कॅमेरा नाही किंवा जो फोनवरून जोडला आहे, त्याच्यासाठी सदनिका क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक सांगून ओळख पटवण्याचा पर्याय लिहून ठेवावा. पर्याय नसलेली सक्ती प्रत्यक्षात काही सभासदांना वगळण्याचे साधन ठरते.

प्रश्न: खरी कसोटी येथेच

बारा प्रश्नांच्या वेळेत सभासदांचे समाधान कसे करायचे? त्यासाठी प्रश्नांना दोन दारे ठेवावीत. पहिले दार लेखी प्रश्नांचे. सभेच्या तीन दिवस आधीपर्यंत ते सचिवांकडे यावेत. आलेले प्रश्न विषयवार लावले की बरेचसे एकसारखेच निघतात. वर्गणी हप्त्याने भरता येईल का, हे अकरा जणांनी विचारले असेल तर त्याचे उत्तर एकदाच द्यायचे आणि तेही सादरीकरणातच. त्यामुळे प्रश्नोत्तरांचा वेळ वाचतो. समितीलाही आकडे शोधून आणायला अवधी मिळतो. ‘माहिती घेऊन सांगतो’ या उत्तराला सबब उरत नाही.

दुसरे दार आयत्या वेळच्या प्रश्नांचे. त्यासाठी Raise Hand हे बटण आहे. हात वर केलेल्यांची नावे प्रणालीच यजमानापुढे क्रमाने मांडते. तोच क्रम पाळला जाईल, असे निमंत्रणात लिहावे. मात्र ज्याने अद्याप एकदाही बोललेले नाही, त्याला दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी संधी मिळेल, हेही जोडावे. एरवी चार सराईत हात पुन्हापुन्हा वर येतात आणि पाचवा येतच नाही. दोन मिनिटांचा नियम करताना एका उपप्रश्नाची मुभा ठेवावी, कारण पहिले उत्तर मोघम मिळाले तर पुन्हा विचारता आले पाहिजे. आणि प्रश्न चालू विषयावरचाच हवा. गळतीचा प्रश्न हिशेबाच्या वेळी काढू नये.

लेखी गप्पांची चौकट, म्हणजे ‘चॅट’, ही वेगळीच डोकेदुखी. ती सर्वांसाठी खुली ठेवली तर सभेच्या पोटात दुसरी सभा भरते आणि तेथे टोमणे, शेरे यांना ऊत येतो. ती पूर्ण बंद केली, तर ज्याचा माइक बिघडला त्याला बोलायला मार्गच उरत नाही. मधला उपाय असा, की सभासदांना केवळ संचालकांनाच लिहिता यावे आणि तेथे दोनच गोष्टी लिहाव्यात. तांत्रिक अडचण किंवा बोलता येत नसल्यास आपला प्रश्न. तो प्रश्न नाव घेऊन मोठ्याने वाचला जाईल, अशी हमी हवी.

वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांचे काय, हे लिहिणे बहुतेक जण विसरतात. ‘राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 15 दिवसांत लेखी देऊन सर्व सभासदांना पाठवले जाईल’ हे वाक्य निमंत्रणात असले, की दोन मिनिटांची मर्यादा दडपशाही वाटत नाही. हे एक वाक्य नसेल, तर बाकीचे सारे नियम समितीच्या सोयीचे ठरतात.

नोटिशीतील मजकूर

हे सारे पानभर लांबवले तर कुणी वाचणार नाही. नोटीस हल्ली मोबाइलवरच वाचली जाते, तेव्हा नियम साध्या वाक्यांत आणि थोडक्यात असावेत. वरील संस्थेसाठी मजकूर असा करता येईल:

‘सभा रविवारी सकाळी 10 वाजता सुरू होईल, प्रवेश 9.30 पासून. पडद्यावर आपले नाव इमारत, सदनिका क्रमांक व आडनाव असे लिहावे. सभेचा दुवा केवळ सभासदांसाठी आहे, तो इतरांना देऊ नये.

प्रवेश करताना व बोलताना कॅमेरा सुरू ठेवावा. इतर वेळी बंद ठेवण्यास हरकत नाही. कॅमेरा नसल्यास सदनिका क्रमांक व नोंदलेला मोबाइल क्रमांक सांगून ओळख पटवता येईल.

सर्वांचे माइक संचालकाकडून बंद राहतील. बोलण्यासाठी Raise Hand दाबावे. आपले नाव पुकारल्यावर पडद्यावर चौकट येईल, तीवर बोट टेकवावे. फोनवरून जोडलेल्यांनी हात वर करण्यासाठी *9 व बोलण्यासाठी *6 दाबावे. प्रतिसाद न आल्यास नाव पुन्हा एकदा पुकारले जाईल.

लेखी प्रश्न गुरुवारी रात्री 9 पर्यंत सचिवांकडे पाठवावेत. सभेत प्रत्येकास दोन मिनिटे व एक उपप्रश्न. प्रथम बोलणाऱ्यास प्राधान्य. राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे 15 दिवसांत सर्वांना मिळतील.

सभेचे ध्वनिचित्रमुद्रण केवळ इतिवृत्तासाठी होईल व ते सचिवांच्या ताब्यात राहील. अध्यक्षांनी एकदा ताकीद दिल्यावरही व्यत्यय आणल्यासच सभासदाचा आवाज बंद केला जाईल व त्याची नोंद इतिवृत्तात होईल.’

यातील शेवटचे वाक्य दोन्ही पक्षांना बांधते. ताकीद दिल्याविना कळ दाबता येणार नाही आणि दाबली तर तिची नोंद राहील. कळ दाबणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो, हे एकदा कळले की ती सहजासहजी दाबली जात नाही.

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची नोटीस सभासदांना पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. नियम त्या नोटिशीसोबतच जावेत. आदल्या संध्याकाळी आणि सभेच्या तासभर आधी केवळ दुवा, मदतीचा क्रमांक आणि माइकचा नियम पुन्हा पाठवावा. शक्य असेल तर आदल्या दिवशी अर्ध्या तासाची रंगीत तालीम ठेवावी. ज्येष्ठ सभासदांना चौकटीवर बोट कुठे टेकवायचे, हे तेथे एकदा करून पाहता येते. एका गोष्टीची खात्री मात्र नोटीस काढण्यापूर्वीच करावी. ती म्हणजे आपले उपविधी आणि निबंधक कार्यालयाच्या प्रचलित सूचना यांनुसार ती सभा ऑनलाइन घेता येते का. त्याचप्रमाणे घेतलेली योजना पुरेशी आहे ना, हेही पाहावे. झूमच्या विनामूल्य योजनेत 100 जण आणि 40 मिनिटे ही मर्यादा आहे. अडीच तासांच्या सभेला ती पुरणार नाही.

नियमांच्या मर्यादा

काही गोष्टी निमंत्रणातील नियमांनी साधत नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दुवा इतरांना देऊ नका, असे लिहिल्याने तो बाहेर जाणे थांबत नाही. 2020 मध्ये अनोळखी माणसे ऑनलाइन सभांत घुसून धुडगूस घालू लागली, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने एप्रिलमध्ये सूचना जारी केल्या होत्या. दर सभेला नवा पासवर्ड ठेवावा, प्रतीक्षाकक्ष सुरू ठेवावा, पडद्यावर काही दाखवण्याची मुभा यजमानापुरती ठेवावी, बाहेर काढलेल्यास पुन्हा येऊ देऊ नये, असे त्यात होते. हे काम नियमाने नव्हे, मांडणीतच करावे लागते. मुद्रणाचेही तसेच. सभासदाने दुसऱ्या मोबाइलवर सभा चित्रित केली, तर ते कुणाला कळणारही नाही. नियम एवढेच करतो, की ते चित्रण पुढे पसरले तर तो सभेच्या अटींचा भंग ठरतो.

मतदान हा तिसरा नाजूक विषय. एका सभासदाला एक मत, हे सहकाराचे मूळ तत्त्व आहे. सभेतील मतचाचणीचे बटण मात्र उपकरणागणिक एक मत मोजते. एका घरातून दोन मोबाइल जोडलेले असतील तर दोन मते पडतील आणि शेजारच्या घरात बसून सभा पाहणाऱ्या सभासदाचे एकही नाही. त्यामुळे उद्वाहनाच्या वर्गणीसारख्या वादग्रस्त ठरावावर बटणाचा आकडा अंतिम मानू नये. सदनिका क्रमांक पुकारून, सभासद यादीवर होकार किंवा नकार लिहून मते नोंदवावीत. वेळ अधिक लागेल हे खरे. एका मताला सहा सेकंद धरले तरी 140 मतांना 14 मिनिटे होतात. आपण मतदानाला 15 मिनिटे ठेवली होती, ती एका ठरावापुरतीच, हे विषयपत्रिका आखताना लक्षात ठेवावे.

अशा सभेचे यश मोजण्याची कसोटीही सोपी आहे. इतिवृत्त लिहिताना दोन आकडे मांडावेत: किती वेगवेगळ्या सभासदांनी प्रश्न विचारले आणि किती प्रश्नांची लेखी उत्तरे मुदतीत गेली. पहिला आकडा दरवर्षी त्याच चार नावांवर अडकलेला असेल, तर सभा शांत झाली असली तरी नियम चुकले आहेत, असे समजून पुढच्या नोटिशीत ते बदलावेत.